"काका, डिपॉझिटमधून वळतं करून घ्या"

66,000 डिपॉझिट, 22,000 भाडं, करार 11 महिन्यांचा, 30 एप्रिलला संपणारा. 5 फेब्रुवारीला भाडेकरूचा मेसेज आला, "काका, शेवटचे तीन महिने डिपॉझिटमधून वळते करून घ्या." मी अंगठा पाठवला. तिथेच माझी अक्कल गेली! मुलगा गोड बोलायचा, आठ महिने भाडं एक तारखेला यायचं. तुम्हीही अंगठाच दाखवला असता.

डिपॉझिट भाड्यासाठी नसतंच. चावी हातात येईपर्यंत काय निघेल ते माहीत नसतं, म्हणून ते असतं. ते फेब्रुवारीतच संपवायला दिलं आणि त्या दिवसापासून त्याला माझी भीती उरली नाही. विजेचं बिलही भरायचं बंद झालं, माझ्याच नावाचं होतं ना! तीस एप्रिलला निघायचं ते साहेब 19 मेला निघाले. मागे 14,380 विजेचं बिल, 2,140 गॅसचं, गीझर जळालेला (6,900), स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या उखडलेल्या (9,500). एकूण 32,920, आणि हातात डिपॉझिट शून्य. रंगाचे पैसे मी धरलेच नाहीत. वापराने भिंत मळते, ते मागता येत नाही.

चौकीत गेलो. "दिवाणी आहे, कोर्टात जा." करार नोंदवलेला, भाडेकरूची माहिती पोलिसांना दिलेली, सगळे कागद घेऊन गेलो होतो. कुणी फाइल उघडली नाही. दुसऱ्यांदा गेलो तर तेच साहेब विचारतात, "मग डिपॉझिट का घेतलं नाहीत?" सोसायटीने तर टेम्पो बाहेर जाताना मला फोनही केला नाही, आणि मेंटेनन्स चार दिवस थकला की नोटीस लावतात!

वकिलांनी 3,500 घेऊन जखमेवर मीठ चोळलं. भाडेकरू स्वतःच्या मर्जीने भाडं वळतं करू शकत नाही, करारात तशी मुभा हवी किंवा मालकाची संमती. माझ्या करारात मुभा नव्हती. संमती मीच दिली, अंगठ्याने. त्यामुळे त्या तीन महिन्यांना थकबाकी म्हणायची सोय गेली. मुदतीनंतरचे 19 दिवस मात्र माझ्या बाजूचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते, म्हणजे 44,000 च्या हिशेबाने 26,968. तो अजून आत असता तर ताब्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता आला असता. आता गेलाय, म्हणजे पैशांसाठी दावा, तारखा आणि पुन्हा फी.

भाडेकरूंचंही ऐकलंय मी, "मालक डिपॉझिट बुडवतात, म्हणून आधीच वसूल करतो." बुडवणारे आहेतच. मग चावी आणि डिपॉझिट एकाच दिवशी, समोरासमोर, मीटरचं रीडिंग घेऊन द्या-घ्या, असं करारातच लिहा. असा मेसेज आला तर त्याच दिवशी लेखी "नाही" कळवा. गप्प बसू नका, आणि अंगठा तर नकोच.

भाडेकरूला पाठवलेल्या नोटिशीला परवा उत्तर आलं. सोबत त्याने माझ्या अंगठ्याचा स्क्रीनशॉट जोडलाय.