खरी चलनं, खोटा पोलीस

ट्रॅफिक पोलिसाच्या वेशातल्या एका माणसाने पुण्यात नवले पुलाच्या अलीकडच्या सर्व्हिस रोडवर माझ्याकडून हजार रुपये काढले. पैशांपेक्षा त्याची रीत सांगायला हवी, कारण त्याने मला दाखवलेली दंडाची चलनं शंभर टक्के खरी होती. त्यामुळे पुढच्या सगळ्या बोलण्यावर विश्वास बसला.

संध्याकाळी आंबेगावहून घरी येत होते. गाडी अ‍ॅक्टिव्हा, यजमानांच्या नावावरची. पांढरा शर्ट, खाकी पँट, वरून चमकणारं जॅकेट घातलेल्या माणसाने हात केला. "ताई, गाडी साइडला घ्या." मी घेतली. जवळ येताच त्याने हात घालून किल्ली काढली आणि खिशात टाकली. मग लायसन बघितलं, आरसी कार्ड मागितलं आणि आरसी हातात धरूनच स्वतःच्या मोबाइलवर काहीतरी टाइप केलं.

"गाडीवर दोन हजारांची चलनं थकलीत," म्हणाला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. वेबसाइट mahatrafficechallan.gov.in, नंबर आमच्याच गाडीचा, यादीत हेल्मेट आणि सिग्नलची चलनं. एका चलनात गाडीचा मागून काढलेला फोटोसुद्धा. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कारण चलनाचा मेसेज आरटीओत नोंदवलेल्या मोबाइलवर जातो आणि तो नंबर यजमानांचा जुना, बंद पडलेला. "लोक अदालत चालू आहे, निम्म्यात मिटतंय. आत्ता भरलं तर हजार, नाहीतर गाडी उचलून न्यावी लागेल." त्याने क्यूआर कोड दाखवला, मी पैसे पाठवले, किल्ली परत मिळाली. पावती मागितली तर "मेसेज येईल" म्हणाला.

मेसेज आला नाही. घरी येऊन त्याच वेबसाइटवर पाहिलं, तर चारही चलनं जशीच्या तशी Unpaid.

आता ती युक्ती. या वेबसाइटवर कुठल्याही गाडीची चलनं बघायला पोलीस असावं लागत नाही. गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की यादी उघडते. नंबर गाडीवर लिहिलेलाच असतो आणि चासी नंबर आरसीवर छापलेला. म्हणून त्याला आरसी हातात हवी होती. पोलिसाकडेच असेल असं वाटणारी माहिती त्याने माझ्याच कार्डावरून मिळवली. तेव्हा कोणी तुम्हाला तुमच्या गाडीची खरी थकबाकी दाखवली, तर ती थकबाकी खरी आहे एवढंच त्यातून कळतं. दाखवणारा माणूस कोण, हे त्यातून कळत नाही.

मग खऱ्या पोलिसाने थांबवल्यावर काय होतं? हे मी नंतर आमच्या भागातल्या वाहतूक विभागाच्या चौकीत जाऊन विचारलं आणि मोटार वाहन कायदाही वाचला.

थांबायचं मात्र नक्की. गणवेशातल्या पोलिसाने इशारा केला की गाडी थांबवणं बंधनकारक आहे, संशय आला म्हणून पळून जाणं हा उपाय नाही. इंडिकेटर देऊन डावीकडे, शक्यतो उजेडात आणि चार माणसं दिसतील अशा जागी गाडी घ्यायची. इंजिन बंद करून किल्ली स्वतः काढायची. तुमची किल्ली पोलिसाने काढून घ्यावी अशी कायद्यात तरतूद नाही. माझ्याकडे परत जाण्याची संधी असती, तर मी पहिली हीच गोष्ट अडवली असती.

मग कागद. कलम 130 प्रमाणे गणवेशातला पोलीस लायसन मागू शकतो, कलम 158 प्रमाणे आरसी आणि विमाही मागू शकतो. त्यासोबत पीयूसी विचारतात. हे सगळं कार्डावर किंवा कागदावरच असावं लागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 139 मध्ये दुरुस्ती होऊन इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली कागदपत्रं मान्य झाली आहेत, म्हणजे डिजिलॉकर किंवा एम-परिवहन चालतं. पण यात लोक एका ठिकाणी अडकतात. गॅलरीतला लायसनचा फोटो किंवा डिजिलॉकरमध्ये आपणच स्कॅन करून चढवलेली प्रत चालत नाही. सरकारी खात्याकडून थेट आलेला दस्तऐवज हवा, जो डिजिलॉकरमध्ये Issued या यादीत दिसतो. आणि फोन आपल्याच हातात धरून दाखवायचा. अधिकाऱ्याला तपासायचं असेल तर तो आपल्या यंत्रावर नंबर टाकून तपासू शकतो, तुमचा फोन त्याला लागत नाही.

लायसन जप्त करायचा अधिकार पोलिसाला काही विशिष्ट प्रसंगी असतो, पण तेव्हा त्याची लेखी पोच द्यावी लागते. पोच नसेल तर लायसन सोडू नका.

दंड व्हायचाच असेल तर तो ई-चलन यंत्रावर होतो. अधिकारी गाडीचा नंबर टाकतो, गुन्हा निवडतो, चलन तयार होतं आणि मेसेज जातो. जागेवर भरायचं तर त्या यंत्रावरच कार्ड किंवा यूपीआयने, नाहीतर नंतर वेबसाइटवर. पैसे कुठल्या माणसाच्या नावाच्या खात्यात जात नाहीत. क्यूआर स्कॅन केल्यावर रक्कम टाकण्याआधी वर नाव येतं, तिथे एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं की थांबा. माझ्या व्यवहारात नाव एका व्यक्तीचंच होतं.

लोक अदालतीचं म्हणाल, तर ती खरंच भरते आणि चलनांच्या तडजोडी तिथे होतात. पण ती न्यायालयात, ठरलेल्या तारखेला, पॅनलसमोर. रस्त्यावर किल्ली खिशात घालून सवलत द्यायचा अधिकार कुठल्याच शिपायाला नाही, वॉर्डनला तर दंड करण्याचाच नाही.

ओळख पटवायची साधी रीत चौकीतल्या हवालदारांनी सांगितली. गणवेशावर नावाची पट्टी दिसली पाहिजे. जॅकेटने ती झाकली असेल, तर "साहेब, आपलं नाव आणि चौकी कोणती?" असं नम्रपणे विचारावं. खरा कर्मचारी सांगतो. शिवाय यंत्र हातात नसताना पैशांची गोष्ट निघाली, तर गाडी तिथेच ठेवून 112 ला फोन लावावा. फोन लावतोय म्हटलं तरी माझ्यासमोरचा माणूस टिकला नसता, असं त्यांचं मत.

पैसे गेलेच असतील तर 1930 वर लगेच फोन करा, किंवा cybercrime.gov.in वर तक्रार टाका. यूपीआयच्या तपशिलातला बारा अंकी यूटीआर नंबर लागतो, तो आधी लिहून घ्या. जितक्या लवकर तक्रार, तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठण्याची शक्यता जास्त. मी रात्री केली, तोवर रक्कम पुढे निघून गेली होती. मग ते पूर्ण दोन हजार वेबसाइटवर भरले, तेव्हा पावती आली, आणि आरटीओच्या नोंदीतला मोबाइल नंबर बदलून घेतला.

नवले पूल, नऱ्हे, वडगाव या पट्ट्यात कुणाला असाच प्रसंग आला असेल, तर आपला यूटीआर आणि ज्या नावाच्या खात्यात पैसे गेले ते नाव जपून ठेवा आणि तक्रार नोंदवाच. एकाच खात्यावर अनेक तक्रारी आल्या की तपासाला धागा मिळतो, असं मला तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी सांगितलं.