'छ्वेरन' की 'हदुई'? आभाराच्या चिनी ईमेलमधलं एक वाक्य

समजा, चीनमधल्या फोशानच्या टाइल कारखान्यात सिंगापूरचा खरेदीदार येऊन तीन नमुने निवडून गेला. त्याच रात्री कारखान्याकडून त्याला आभाराचा ईमेल पाठवायचा आहे, आणि त्याचे दोन मसुदे समोर आहेत. आभाराची ओळ दोन्ही मसुद्यांत एकच: 'कामाच्या गर्दीतून वेळ काढून आलात'. ती ठरीव आहे, एकदाच पुरे.

फरक पुढे पडतो. पहिला मसुदा म्हणतो, 'यांगपिन यी छ्वेरन', म्हणजे नमुने निश्चित झाले. हे मला धोक्याचं वाटतं. कारखान्याच्या भाषेत 'छ्वेरन यांग' म्हणजे मंजूर नमुना, ज्यावरून सगळा माल बनतो आणि तपासला जातो. खरेदीदाराने तर फक्त निवड केली होती. शेड वेगळी निघाली की वाद याच वाक्यावरून पेटतो.

दुसरा मसुदा तिन्ही नमुन्यांचा क्रमांक, माप, फिनिश आणि नग लिहून शेवटी 'छिंग हदुई' म्हणतो: कृपया ताडून पाहा. मंजुरी द्यायची ती नमुना हातात पडल्यावर.

पुढच्या पायरीसाठीही 'चिनख्वाई', म्हणजे लवकरात लवकर, नको. '18 मार्चला कुरिअर, 25 पर्यंत आपला अभिप्राय, मग दरपत्रक' असं लिहावं. मी दुसराच मसुदा पाठवीन.