मामांचा स्क्रीनशॉट: दीड जीबी, दोन जीबी की एकगठ्ठा?

सोलापुरात मामांचं चादरींचं दुकान आहे. रिचार्ज संपत आला तसा त्यांनी सेटिंग्जचा स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ की जरा, दोन जीबीवाला मारू का? दीड पुरंना झालाय."

अँड्रॉइडमध्ये सिमच्या सेटिंगखाली App data usage उघडलं की ही यादी दिसते. मामांच्या यादीत यूट्यूब 10.2 जीबी, इन्स्टाग्राम 5.4, व्हॉट्सॲप 4.9, हॉटस्पॉट 1.2, क्रोम 0.9 आणि बाकी किरकोळ 1.4 होतं. एकूण 24 जीबी. मामा हा महिन्याचा आकडा समजून बसले होते, पण वरच्या ओळीत 1 ते 20 जानेवारी अशी तारीख होती. आधी ती ओळ वाचायची. 24 भागिले 20 म्हणजे दिवसाला 1.2 जीबी, आणि 28 दिवसांना साधारण 34. (आयफोनवाल्यांनी जास्तच जपावं. तिथला आकडा आपण रीसेट करेपर्यंत साठतच जातो, कधीकधी वर्षानुवर्षं.)

दीड जीबीच्या प्लॅनमध्ये 28 दिवसांचे 42 जीबी मिळतात. मग पुरत का नाही? कारण कोटा रोजचा असतो. बहुतेक प्लॅनमध्ये रात्री बाराला उरलेला डेटा जातो, तो रविवारसाठी साठत नाही. शिवाय कोटा संपला की वेग बहुतेक प्लॅनमध्ये 64 केबीपीएसवर येतो, म्हणजे त्यापुढे व्हिडिओ चालतच नाही. त्यामुळे मर्यादेला धडकलेल्या दिवशी फोनमध्ये दीडच जीबी दिसतो, माणसाला अडीच हवा असला तरी. सरासरी कमी दिसते ती यामुळेही.

यावर उपाय स्क्रीनशॉटमध्ये नाही, एसएमएसमध्ये आहे. मामांना म्हटलं, कोटा संपल्याचे मेसेज मोजा. वीस दिवसांत सहा निघाले. तीन सिद्धेश्वरांच्या जत्रेचे, म्हणजे गड्ड्याचे, कारण नंदीध्वजांचे आणि दारूकामाचे व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर फिरत होते. एक मुलीनं लॅपटॉपला हॉटस्पॉट दिला त्या संध्याकाळचा. उरलेले दोन रविवारचे. या सहा दिवसांचे नऊ जीबी वजा केले की बाकी चौदा दिवसांना पंधरा उरतात, म्हणजे रोजचा एक जीबीच्या थोडा वर.

आता दोन्ही प्लॅन शेजारी ठेवू. दोन जीबीचा घेतला तर साध्या दिवशी जवळजवळ निम्मा डेटा वाया जाणार. गड्डा वर्षातून एकदा येतो आणि हॉटस्पॉटची संध्याकाळ क्वचित. त्या दिवशी वरून छोटा डेटा पॅक मारला की काम होतं. प्रश्न राहिला रविवारचा, आणि तो यूट्यूबच्या क्वालिटीचा निघाला. 480पीला तासाला साधारण अर्धा जीबी जातो, एचडीला त्याच्या दुपटीहून जास्त. मामा दुपारी अख्खा सिनेमा एचडीत बघतात. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कसाठी Data saver निवडलं. व्हॉट्सॲपमध्ये मोबाइल डेटावर व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलं, फोटो मात्र चालू ठेवले, कारण व्यापाऱ्यांनी पाठवलेले डिझाइनचे फोटो मामांना लगेच दिसले पाहिजेत. माझ्या मते मामांना दीडच पुरेल.

मामांचा फोन 4जीचा आहे म्हणून हे एवढं सरळ. फोन 5जीचा असेल, घराजवळ सिग्नल मिळत असेल आणि प्लॅनमध्ये अमर्याद 5जी असेल, तर हिशोब उलटतो. फोन 5जी आणि 4जी एकत्रच मोजतो, पण 5जीवरचा वापर कंपनी रोजच्या कोट्यातून कापत नाही. अशा फोनवर 60 जीबीचा आकडा दिसला तरी कोट्याला हातही लागलेला नसू शकतो. ही सवलत बहुतेकदा दोन जीबी किंवा त्यावरच्या प्लॅनवर असते, तेव्हा तिथं महागडा प्लॅनच परवडतो.

मामींचं वेगळं. त्यांच्या फोनवर त्याच वीस दिवसांत 2.6 जीबी, म्हणजे महिन्याला चारच्या आत. त्यांना रोजचा कोटा कशाला? महिन्याचा एकगठ्ठा डेटा आणि अमर्याद कॉल असलेला प्लॅन बरा, आणि त्यात रविवारी जास्त लागला तरी अडत नाही. मामांना मात्र एकगठ्ठा नको. त्यांचे 30 दिवसांचे 36 जीबी पुरतील एवढा मोठा गठ्ठा महाग पडतो, आणि तो पंचविसाव्या दिवशी संपला तर उरलेले दिवस कोरडे.

किंमत बघताना रिचार्जची रक्कम दिवसांनी भागून बघा. 28 दिवसांचा प्लॅन वर्षात तेरा वेळा मारावा लागतो. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2022 च्या आदेशामुळे प्रत्येक कंपनीला 30 दिवसांचा किमान एक प्लॅन आणि दर महिन्याला त्याच तारखेला नव्यानं मारता येईल असा एक प्लॅन ठेवावा लागतो. मामींना हा तारखेचा प्लॅन आवडला, कारण भिशीची तारीखही तीच आहे.