‘३ तारखेला येतो’ की ‘८ तारखेपर्यंत उत्तर देतो’? रजेच्या ईमेलचे तीन मसुदे

माझा मामेभाऊ बेळगावच्या उद्यमबागमधल्या एका फाउंड्रीत कोटेशन आणि डिस्पॅच बघतो. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या गणपतीआधी दोन दिवस, त्याचा मेसेज आला: “अक्का, रजेचं ऑटो रिप्लाय लावायचंय. दोन लिहिलीत. कुठलं लावू सांग की.” त्याचे ते दोन मसुदे आणि आम्ही फोनवर बसून केलेला तिसरा, असे तिन्ही इथे शेजारी शेजारी ठेवते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ज्यांचं गिऱ्हाईक निम्मं कोल्हापूर-पुण्याकडचं आणि निम्मं हुबळी-बेंगळुरूकडचं असतं, त्यांच्यापुढे नेमका हाच पेच असतो.

पहिला मसुदा:

> नमस्कार, आपल्या ईमेलबद्दल मनःपूर्वक आभार. गणेशोत्सवानिमित्त मी दि. २७/०८ पासून रजेवर असून या काळात माझा ईमेलशी संपर्क मर्यादित राहील. परत आल्यावर आपणांस लवकरात लवकर उत्तर देण्यात येईल. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.

दुसरा:

> रजेवर आहे. ३ सप्टेंबरला हजर. अर्जंट असल्यास फोन करा.

पहिला वाचायला बरा वाटतो, पण मेल पाठवणाऱ्याच्या हातात त्यातून काहीच पडत नाही. परत कधी येणार ते नाही, उत्तर कधी देणार तेही नाही. ‘मर्यादित संपर्क’ ही तर दोन्हीकडून फसवणारी ओळ आहे. वाचणाऱ्याला वाटतं की हा मोबाइलवर बघत असणार, म्हणून तो दुसऱ्या दिवशी आठवणीचा मेल टाकतो. लिहिणाऱ्याला वाटतं की आपण आता मोकळे. आणि ‘देण्यात येईल’ कशाला? उत्तर देणार तूच, मग ‘देईन’ म्हण की. तहसीलच्या नोटिशीची भाषा माणसाच्या मेलमध्ये आली की नम्रता वाढत नाही, अंतर वाढतं.

दुसऱ्यात तारीख तरी आहे, म्हणून दोनातच निवडायचं असतं तर मी दुसरा घेतला असता. पण त्यात नमस्कारसुद्धा नाही. ज्याने पहिल्यांदाच चौकशीचा मेल टाकलाय, त्याच्या तोंडावर दार आपटल्यासारखं होतं. शिवाय ‘फोन करा’ म्हटलं की प्रत्येकाचं काम अर्जंटच असतं.

दुसऱ्याची खरी खोट मात्र त्याच्या तारखेतच आहे. ३ सप्टेंबर ही येण्याची तारीख आहे, उत्तराची नाही. वाचणारा ती उत्तराचीच धरतो. दोन वर्षांपूर्वी मीच असं लिहिलं होतं. हजर झाल्याच्या दिवशी डबा उघडायच्या आत तीन गिऱ्हाइकांचे फोन आले, “आज येणार होतात ना, अजून उत्तर नाही?” त्यांची काही चूक नव्हती. मी लिहिलंच तसं होतं.

म्हणून भावाच्या बाबतीत आधी कॅलेंडर काढून बसलो. बुधवार, २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी. गौरी ३१ ला येणार, १ ला पूजन, मंगळवार, २ सप्टेंबरला गौरी-गणपतीचं विसर्जन. म्हणजे ३ तारखेला, बुधवारी, तो कामावर. एरवीच्या दिवसांत त्याला जेवढे मेल येतात त्यावरून आठवड्याचा साचलेला ढीग उपसायला दोन दिवस लागणार, असा त्याचाच अंदाज होता. तो म्हणाला, “मग शुक्रवार, ५ लिहू.” पण ५ सप्टेंबरला ईद-ए-मिलादची सुट्टी होती, आणि शनिवारी, ६ तारखेला अनंत चतुर्दशी. बेळगावात त्या दिवशी मिरवणुका दुसऱ्या दिवसापर्यंत चालतात, तेव्हा शनिवारी कुणी कोटेशन काढेल ही आशाच सोडा. म्हणून खरी उत्तराची तारीख निघाली सोमवार, ८ सप्टेंबर. येण्याची ३, उत्तराची ८. मधले पाच दिवस ज्या मसुद्यात दिसत नाहीत, त्या मसुद्यामुळे ३ तारखेला फोन वाजतात.

तिसरा मसुदा असा झाला:

> नमस्कार,
> आपला मेल पोचला, आभारी आहे. गौरी-गणपतीसाठी मी बुधवार, २७ ऑगस्ट ते मंगळवार, २ सप्टेंबर रजेवर आहे आणि या दिवसांत मेल पाहणार नाही. ३ तारखेला कामावर येईन. आपल्या मेलला सोमवार, ८ सप्टेंबरच्या संध्याकाळपर्यंत उत्तर देईन.
> निघालेल्या मालाची चौकशी किंवा ८ तारखेआधी लागणारं कोटेशन असेल, तर कृपया हाच मेल ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा. गुरुवार, २८ ऑगस्टपासून तिथे माझे सहकारी आहेत.

दुसऱ्या मसुद्याच्या सहापट लांब आहे, मान्य. पण कोल्हापूरच्या ज्या खरेदीवाल्याला ४ तारखेपर्यंत दर हवाय, त्याला हे वाचून लगेच कळतं की याच्याकडून तो मिळणार नाही, ऑफिसला मेल टाकायला हवा. ‘आपला मेल पोचला’ एवढंच लिहिलंय, ‘वाचला’ नाही, हेही मुद्दाम. मशीन तेवढंच सांगू शकतं. आणि ‘अर्जंट’ या शब्दाऐवजी दोन ठरावीक कामांची नावं दिली, त्यामुळे बाकीचे आपोआप थांबतात. सहकाऱ्याला आधी विचारून ठेवायचं, हे सांगायला नको. (तरी सांगते, कारण भावाने विचारलं नव्हतं.)

एक गोष्ट आम्ही गाळली. त्याला ‘सहकुटुंब गावी जात आहे’ असं घालायचं होतं. हे उत्तर अनोळखी माणसालाही जातं. घर आठवडाभर बंद आहे हे त्याला कळवायची काही गरज नाही.

भाषा किती ठेवायच्या?

आपल्याकडे हा प्रश्न अवघड. पाटीवर कुठली भाषा वर, कुठली खाली यावरून इथे काय काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे, मेलमध्ये तरी तो वाद नको. ‘नमस्कार’ने सुरुवात करायचा एक फायदा असा की तो शब्द कन्नडमध्येही चालतो, तेव्हा पहिल्या ओळीवर कुणाचाच आक्षेप नसतो. पुढे मात्र निवड करावी लागते. तिन्ही भाषा एकाखाली एक घातल्या तर मोबाइलवर तारीख शोधायला बोटाने सरकवत बसावं लागतं. माझं मत: दोनच ठेवा. गिऱ्हाईक मुख्यतः महाराष्ट्राचं असेल तर मराठी आणि खाली इंग्रजी. हुबळी-गोकाककडचं असेल तर कन्नड आणि खाली इंग्रजी, आणि कन्नड मजकूर घरी कन्नड बोलणाऱ्या सहकाऱ्याकडूनच लिहून घ्या. आपलं बाजारातलं कन्नड बोलायला पुरतं, लिहायला नाही.

भावाने मराठी-इंग्रजी लावलं. विषयाच्या ओळीत मात्र मी त्याला इंग्रजी अंक आणि इंग्रजी महिना घालायला लावला, कारण देवनागरी ‘८’ बेंगळुरूच्या माणसाला ओळखू येईलच असं नाही, आणि बरेच जण मोबाइलवर विषयापलीकडे वाचतच नाहीत. पहिल्या मसुद्यातली ‘२७/०८’ ही पद्धतही इथेच बाद. २७ ला फरक पडत नाही, पण हीच सवय उत्तराच्या तारखेला लावली तर ‘०८/०९’ अमेरिकेतल्या खरेदीदाराला ९ ऑगस्ट वाटेल. महिना अक्षरातच लिहावा.

सीमेचा आणखी एक तिढा आहे तो सुट्ट्यांचा. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सवाची सुट्टी असते, कोल्हापूरला नसते. १९ फेब्रुवारीला महाराष्ट्रात शिवजयंतीची सरकारी सुट्टी असते, आणि बेळगावात आपण चित्ररथ काढतो ते तिथीने, वैशाखात. म्हणून ‘सुट्टीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी उत्तर देईन’ असं वाक्य आपल्या भागात निरुपयोगी आहे. कामाचा दिवस कुठल्या राज्याचा? वार आणि तारीख लिहिली की प्रश्न मिटतो.

जीमेलमध्ये लावताना

कॉम्प्युटरवर `Settings`, मग `See all settings`, आणि `General` टॅबच्या अगदी तळाशी `Vacation responder`. `First day` ला २७ ऑगस्ट, `Last day` ला २ सप्टेंबर. हा शेवटचा दिवस धरूनच मोजला जातो, रात्री ११:५९ पर्यंत. `Last day` पुढची खूण करायची राहिली तर तुम्ही हाताने बंद करेपर्यंत उत्तर जातच राहतं. दिवाळीत गणपतीच्या रजेचं उत्तर येतं ते यामुळे. `Only send a response to people in my Contacts` ही खूण भावाने उत्साहाने केली होती, मी काढायला लावली. नवी चौकशी करणारा माणूस संपर्कयादीत नसतोच, आणि खरी गरज त्यालाच असते. शेवटी `Save Changes`.

एकाच माणसाला हे उत्तर दर मेलला जात नाही, चार दिवसांतून जास्तीत जास्त एकदा जातं. स्पॅममध्ये पडलेल्या मेलला मुळीच जात नाही. मधेच मजकूर बदलला तर त्याच माणसाच्या पुढच्या मेलला पुन्हा जाऊ शकतं, तेव्हा तारखा आधीच तपासून घ्या. ऑफिसचा मेल आउटलुकवर आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरवर असेल तर एक सोय जास्त मिळते: `Inside My Organization` आणि `Outside My Organization` असे दोन वेगळे मजकूर ठेवता येतात. आतल्यांना दुसरा मसुदा पुरतो, नमस्कार घालून. बाहेरच्यांना तिसराच. जीमेलमध्ये एकच मजकूर सगळ्यांना जातो, म्हणून तिथे बाहेरच्याला धरूनच लिहावं.

लावून झाल्यावर भावाला माझ्या पत्त्यावरून एक मेल टाकला. उत्तर आलं, पण विषयाच्या ओळीत तारीख नाही, फक्त माझाच विषय ‘Re:’ लावून. त्याने `Subject` भरलाच नव्हता.

राहिला एक प्रश्न, ज्यावर आमचं एकमत झालं नाही. ३ तारखेला जो मेल टाकेल त्याला काहीच उत्तर जाणार नाही, आणि भाऊ तर ढिगाखाली. मी म्हटलं, `Last day` ४ सप्टेंबर ठेव. मजकूर तसाही खराच राहतो, कारण त्यात ३ ला येईन आणि ८ पर्यंत उत्तर देईन हे दोन्ही आहे. तो म्हणाला, समोर बसून कुणाला उत्तर दिलं आणि त्याच मिनिटाला ‘रजेवर आहे’ गेलं तर हसं होईल. कोटेशनच्या कामात, जिथे लगेच उत्तर क्वचितच जातं, तिथे मी अजूनही ४ च म्हणेन. डिस्पॅचवाल्याला, ज्याचं दिवसभर मेलवर देणंघेणं चालतं, त्याचं २ बरोबर. भावाकडे दोन्ही कामं आहेत. त्याने ३ ठेवला.