आम्ल-आम्लारीचा एस्केप रूम गेम: नववीच्या वर्गात दोन सत्रं वापरल्यानंतरचा अनुभव

परभणी जिल्ह्यातल्या एका गावात नववीला विज्ञान शिकवतो. आम्ल, आम्लारी व क्षार या धड्याच्या उजळणीसाठी स्वतःच एक एस्केप रूम टाईप, म्हणजे कोडी सोडवून कुलपं उघडायचा गेम बनवला, आता दोन सत्रं झाली, वेगवेगळ्या तुकड्यांवर चालवला, म्हणून सविस्तर लिहितोय. आधीच सांगतो, मला गेम खूप आवडलाय आणि मी तो सोडणार नाही, पण त्यातल्या एका कुलपावर सगळा खेळ उभा आहे, त्यामुळे जास्त त्याच्याबद्दलच लिहीन.

ते म्हणजे हळदीचं कुलूप. गटाला तीन एकसारख्या छोट्या बाटल्या मिळतात, तिन्हीत पाण्यासारखं स्वच्छ द्रावण, बाटल्यांवर 4, 7, 9 असे आकडे. एकीत लिंबूसत्व, एकीत मीठ, एकीत धुण्याचा सोडा. सोबत हळदीच्या पट्ट्या आणि ड्रॉपर, बास. लिटमस नाही. आम्ल, उदासीन, आम्लारी या क्रमाने आकडे लावले की पेटीचं तीन आकडी कुलूप उघडतं.

मजा अशी की हळद आम्लात पण पिवळी आणि मिठाच्या पाण्यात पण पिवळीच राहते, लाल होते ती फक्त आम्लारीत. म्हणजे पोरांना एक बाटली लगेच सापडते आणि मग सगळे अडकतात. "सर, हे दोन्ही बी पिवळंच राहिलंय, आता काय करायचं?" हे प्रत्येक वेळी ऐकू येतंच. इथेच खरी उजळणी सुरू होते कारण पुस्तकातला लिटमसचा तक्ता पाठ असून उपयोग नाही, उदासिनीकरण म्हणजे काय ते वापरावं लागतं. उत्तर असं, की जी पट्टी सोड्याने लाल झाली तीच घ्यायची आणि तिच्यावर दोन्ही बाटल्यांतलं एकेक थेंब वेगवेगळ्या जागी टाकायचं. जिथे लाल जाऊन पुन्हा पिवळं येतं ते आम्ल, जिथे लाल तसंच राहतं ते मीठ. अगदीच अडलेल्या गटाला मी एक चिठ्ठी देतो, "हळदीपासून कुंकू कशाने होतं?" घरात चुना आणि हळद बघितलेली पोरं इथे एकदम जागी होतात.

आता प्रमाणं, कारण सगळं त्याच्यावर आहे. अर्धा लिटर पाण्यात एक चमचा लिंबूसत्व, तेवढ्याच पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा धुण्याचा सोडा. लिंबू पिळू नका, पाणी गढूळ होतं आणि वासावरून बाटली ओळखू येते. खायचा सोडा पण नको, त्याचा सामू साधारण 8.3 च्या आसपास, हळद तिथे धड लाल होत नाही, मळकट नारिंगी होते आणि दोन गट "लाल आहे, नाही आहे" करत भांडत बसतात. धुण्याच्या सोड्याचा सामू 11 च्या वर जातो, पट्टी बुडवली की लगेच विटकरी लाल. चुन्याची निवळी पण चालली असती पण पोरांच्या हातात चुना मी देत नाही, डोळ्यात उडाला तर फार वाईट.

पाणी मात्र जारचं घ्या, हे मराठवाड्यातल्या प्रत्येक शिक्षकाला सांगावंसं वाटतं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, त्यात धुण्याचा सोडा टाकला की थोड्या वेळात पांढुरकं होतं आणि खाली साका बसतो, तो कॅल्शियम कार्बोनेटचा. मग तीन बाटल्यांत एकच गढूळ दिसते आणि पट्टी न बुडवताच पोरं बोट दाखवतात. (दुसऱ्या दिवशी तोच साका घेऊन जड पाणी शिकवता येतं, पण या खेळात तो नको.)

पट्ट्या घरीच करतो. वसमतची हळद जवळच मिळते, एक चमचा हळद साधारण 50 मिली स्पिरिटमध्ये ढवळून ठेवायची, खाली बसली की वरचा पिवळा अर्क घेऊन त्यात फिल्टर पेपर बुडवायचा आणि सावलीत वाळवायचा. नुसत्या पाण्यात हळद नीट विरघळत नाही, कागदावर कण राहतात आणि रंग ठिगळासारखा येतो. स्पिरिट गॅसजवळ नको. पट्ट्या डब्यात बंद ठेवा, उजेडात त्या फिक्या पडतात.

सगळ्यात जास्त घोटाळा कुठे होतो तर लाल पट्टी थेंबाऐवजी बाटलीत बुडवली की. मिठाच्या पाण्यात ती हलवली तर पट्टीतला सोडा धुतला जातो आणि पिवळं येतं, गट म्हणतो हे आम्ल. वर बाटली पण खराब होते. ओळखायचं असं, की आम्लाचा थेंब पडला की डाग त्या जागी लगेच आणि काठ स्पष्ट असलेला पिवळा होतो, धुतलेली पट्टी सगळीकडून सावकाश फिकी होते. म्हणून नियमच आहे, लाल पट्टी टेबलावर आडवी, थेंब ड्रॉपरने, आणि प्रत्येक बाटलीसाठी ड्रॉपर वेगळा.

दुसरी गोष्ट, तीन आकडे माहीत असले की क्रम फक्त सहाच होतात, हुशार पोरं पट्टीला हात न लावता मिनिटभरात कुलूप उघडतात. म्हणून कुलूप माझ्या टेबलावर असतं. वापरलेल्या पट्ट्या कागदावर चिकटवून, खाली काय टाकलं आणि काय दिसलं ते लिहून आणायचं, मगच एक प्रयत्न. हे केल्यापासून गटातला एकच जण सगळं करतोय हेही कमी झालं कारण एक बुडवतो, एक थेंब टाकतो, एक चिकटवतो, एक लिहितो, आणि मी प्रश्न कोणालाही विचारतो.

दुसरं कुलूप थेंबांचं, ते फक्त माझ्यासमोर आणि चष्मा लावून. एका नळीत 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे 20 थेंब, दुसरीत त्याच आम्लाचे 10 आणि पाण्याचे 10. सामूचा कागद दोन्हीत जवळजवळ सारखाच लाल. मग फिनॉल्फ्थॅलीनचा एकेक थेंब टाकून 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने, गुलाबी टिकेपर्यंत. पहिलीला दुसरीच्या दुप्पट लागतात. थेंबांची नेमकी संख्या कुलपाला लावू नका, गटागटाला एकदोन थेंब इकडेतिकडे होतातच, किती पट ते विचारा. कागदावर सारखं दिसणारं आम्ल प्रमाणाने अर्धं असू शकतं हे इथे पोरांच्या तोंडून येतं, "सर, रंग तर सेमच होता की!"

कमी काय वाटतं तर समीकरणं आणि क्षारांची नावं यातून होत नाहीत, त्यासाठी वही लागतेच. एका तासिकेत पहिलं कुलूप नीट होतं, दोन्ही करायची तर जोड तासिका घ्या. साठ पोरांचा वर्ग असेल तर निम्मे निम्मे करा, नाहीतर पट्ट्या बघायला वेळच मिळत नाही. बाटल्या कोल्ड्रिंकच्या कधीही नको, चव घ्यायची नाही हे आधी सांगायचं आणि फळ्यावर पण लिहायचं.

आणि तुकडी बदलली की आकडे बदला, नववी अ चा कोड मधल्या सुट्टीत नववी ब ला पोचलेला असतो. मी लेबलं पेन्सिलीने लिहितो, पुसून नवीन आकडे टाकायला पाच मिनिटं लागत नाहीत.