‘गेलो असतो तर’ की ‘गेलो नाही त्या रात्री’: सुटलेल्या वाटेबद्दल कसं लिहायचं?

सुटलेल्या वाटेबद्दल लिहायला बसलं की हात आपोआप ‘असतो’वर जातो. गेलो असतो, शिकलो असतो, कुणीतरी झालो असतो. दुसरी रीत म्हणजे ‘असतो’ला हात न लावता, ज्या दिवशी वाट सुटली त्या दिवसात जाऊन बसायचं आणि तेव्हा आपल्याला जेवढं माहीत होतं तेवढंच लिहायचं. मी एकच गोष्ट दोन्ही रीतींनी लिहून पाहिली, म्हणून सांगतो.

गोष्ट साधी आहे. 1993 साली मला मुंबईला जे. जे.त चित्रकला शिकायला जायचं होतं. प्रवेश मिळाला होता. गेलो नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अण्णांचं दुकान होतं, बिडाचे भाग ओतायला लागणारे लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, करायचं; तिथं बसलो, तो आजही तिथंच आहे.

पहिल्या रीतीनं लिहिलेला खर्डा असा होता: ‘त्या वर्षी मुंबईला गेलो असतो, तर आज माझी चित्रं भिंतींवर लागली असती. पण घरच्यांनी जाऊ दिलं नाही, आणि आयुष्यभर लाकूड तासत बसलो.’

वाचायला बरं वाटतं. लिहायला तर फारच बरं वाटतं, आणि तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. दोन वाक्यांत तीन गोष्टी घडल्यात. न झालेल्या आयुष्यातलं फक्त यश घेतलंय. मुंबईतलं भाडं, नापास होणं, चित्र न विकलं जाणं यातलं काही नाही. झालेलं आयुष्य ‘लाकूड तासत’ या दोन शब्दांत उरकलंय. आणि मधल्या जागेत एक खलनायक बसवलाय.

असं का होतं याचं एक उत्तर कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांच्या 1990च्या दशकातल्या कामात सापडतं. त्यांचं म्हणणं असं, की लगेचच्या काळात माणसाला केलेल्या चुका जास्त टोचतात, पण वर्षं लोटली की न केलेल्या गोष्टी टोचतात. त्यांनी दिलेलं एक कारण मला पटलं: काळ गेला की आपल्याला अडवणारी कारणं पुसट होतात. तेव्हा डोंगराएवढी वाटलेली अडचण आज ‘त्यात काय होतं एवढं?’ अशी दिसते. मग न जाण्याला कारणच उरत नाही, आणि रिकाम्या जागी आपण घरच्यांना उभं करतो. म्हणजे ‘असतो’ लिहिणारा मुद्दाम खोटं बोलतो असं नाही. कारणं विसरल्यावर त्याच्या हाती तेवढंच उरलेलं असतं.

दुसऱ्या रीतीचं सगळं काम ही पुसलेली कारणं परत आणण्याचं. त्यासाठी आठवणीला बाहेरून धक्का द्यावा लागतो. मी दोन गोष्टी केल्या. अण्णांची जुनी कीर्द काढली, आणि आईला विचारलं, ‘मला मुंबईला का जाऊ दिलं नाही गं?’

आई भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, ‘कोण म्हटलं तुला जाऊ नको म्हणून? दशम्या बांधून ठेवलेल्या की मी.’

कीर्दीत जुलैच्या एका पानावर ‘मुंबई’ म्हणून 1,500 रुपये नावे टाकलेले होते. चार दिवसांनी तेच 1,500 जमा. अण्णांनी पैशांची सोय केली होती, मीच ते परत दिले होते. इतकी वर्षं सांगत आलेल्या गोष्टीतला खलनायक त्या एका पानानं संपवला.

मग खरं काय ते हळूहळू आठवायला लागलं, आणि दुसरा खर्डा असा झाला: ‘महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीची होती. आदल्या आठवड्यात बँडसॉवर अण्णांची दोन बोटं कापली होती आणि पंपाच्या बॉडीचा पॅटर्न अर्धा झाला होता. ते मला काही बोलले नाहीत. मी पट्टी घेऊन पुढचं माप टाकायला लागलो. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, साधी पट्टी घेतलीस. ओतलेलं बीड आकसतं म्हणून आमच्याकडं मीटरमागं साधारण 10 मिलिमीटर जास्त धरलेली वेगळी पट्टी असते. ती घेतली, माप परत टाकलं. सात वाजले, आठ वाजले. आईला सांगितलं, पुढच्या वर्षी जातो. मुंबईत पहिल्या रात्री झोपायचं कुठं, हे कुणाला विचारायची मला लाज वाटत होती, हेही खरं.’

इथं खंत कमी झालेली नाही. मला तर ती जास्त टोकदार वाटते, कारण आता ती माझी आहे. शेवटचं लाजेचं वाक्य पहिल्या खर्ड्यात येणं शक्यच नव्हतं. तिथं दोष घरच्यांवर होता, मला लाजायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या रीतीची अडचणही सांगतो. तिला पुरावा लागतो, आणि पुरावा नसला की माणूस तपशील रचायला लागतो. त्या संध्याकाळी पाऊस होता का? जुलै म्हणजे असणारच, म्हणून मी एक वाक्य लिहिलंही होतं, मग खोडलं. आठवत नसेल तिथं ‘आठवत नाही’ असं लिहिलेलं चालतं. वाचणाऱ्याला ते खटकत नाही.

न झालेल्या स्वतःला पत्र लिहायची तिसरी रीतही असते. ती मी अर्ध्यावर सोडली. दुसऱ्या परिच्छेदातच मी त्याला सल्ले द्यायला लागलो.

मग ‘असतो’ कधीच नको? तसंही नाही. वाट सुटली ती आपल्या निवडीनं की दुसऱ्याच्या, हे आधी बघा. अठराव्या वर्षी न विचारता लग्न लावून दिलेल्या बाईनं ‘शिकले असते’ असं लिहिलं, तर ते रडगाणं नव्हे, हिशेब आहे. तिच्यापासून काय काढून घेतलं हे दाखवायला दुसरं क्रियापद नाही. तिला ‘त्या दिवशीची कारणं शोध’ म्हणणं म्हणजे ज्यांनी लग्न लावलं त्यांची बाजू तिच्याकडूनच लिहून घेणं. निवड आपली होती तिथं मात्र एखादंच ‘असतो’ ठेवावं, तेही मोजता येईल अशा गोष्टीवर. ‘मोठा झालो असतो’ऐवजी ‘पाच वर्षं रोज चित्र काढलं असतं’ म्हणावं. कुणी ते खोडून काढू शकत नाही, आणि त्यातून यशाचीही हमी मागितली जात नाही.

आपण कुढत बसलोय हे कळतं कसं? मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या 1986च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज 15 मिनिटं मनातलं दुःख लिहिलं होतं. तशा लिखाणांच्या पुढच्या अभ्यासांत, ज्यांना फायदा झाला त्यांच्या पानांवर दिवसागणिक ‘कारण’, ‘लक्षात आलं’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेलेले दिसले. मी ते माप घरगुती पद्धतीनं वापरतो. चार दिवस लिहायचं, मग पहिलं आणि चौथं पान शेजारी ठेवायचं. चौथ्यात नवा माणूस, नवी वस्तू, नवं कारण काहीच आलं नसेल आणि ‘किती’, ‘कायमचं’, ‘आयुष्यभर’ तेवढे वाढले असतील, तर वही मिटायची आणि कुणाला तरी विचारायला उठायचं. पहिल्या रीतीनं लिहिलेली माझी चारही पानं जवळजवळ एकच होती.

दुसरा खर्डा मी आईला वाचून दाखवला. तिनं एकच दुरुस्ती केली. दशम्या नव्हत्या, धपाटी होती, आणि ती रात्री मीच खाल्ली.