तीन लाख रुपये: पी-टू-पी ॲपवर द्यावेत की उद्यमबागेतल्या मित्राला?

बेळगावात एफडीची मुदत संपली की दोन प्रस्ताव हमखास समोर येतात. एक मोबाईलवर, अनोळखी लोकांना थेट कर्ज द्यायच्या पी-टू-पी ॲपचा, 18 टक्के व्याजाचा. दुसरा उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या चहाच्या टपरीवर: "फौंड्रीला खेळतं भांडवल कमी पडतंय, शेकडा सव्वा रुपयानं देतोस का?" दोन्हीकडे कर्ज विनातारणच. फरक आहे तो पैसे कसे बुडतात यात.

आधी ॲप. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार एका कर्जदाराला तुम्ही जास्तीत जास्त 50,000 रुपये देऊ शकता, म्हणून रक्कम तुकड्यांत वाटली जाते. समजा 60 जणांना प्रत्येकी 5,000, एका वर्षासाठी, 18 टक्क्यांनी. हप्ता साधारण 458 रुपये. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं, त्यामुळे वर्षभरात एका कर्जामागे 900 नव्हे, सुमारे 500 रुपयेच मिळतात. सगळे प्रामाणिक निघाले तरी एकूण 30,000. (परत आलेले हप्ते पुन्हा कर्जाऊ दिले तर कमाई वाढते, पण जोखीमही पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.)

आता 60 पैकी सहा जणांनी तीन हप्ते भरून फोन बंद केला असं धरा. प्रत्येकाचे नऊ हप्ते गेले, म्हणजे जवळपास 24,700 रुपये. हातात उरले 5,300. त्यातून ॲपचं शुल्क जातं. आणि मिळालेल्या व्याजावर स्लॅबप्रमाणे कर भरावा लागतो, बुडालेलं मुद्दल मात्र पगारदार माणसाला त्यातून सहसा वजा करता येत नाही. 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये साडेपाच हजारांच्या वर कर बसतो. म्हणजे दहातला एक बुडाला की तुम्ही तोट्यात. ऑगस्ट 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम कडक केले. खात्रीच्या परताव्याची जाहिरात आणि 'हवे तेव्हा पैसे काढा' ही सोय दोन्ही बंद झाल्या, आणि नुकसान पूर्णपणे देणाऱ्याचं हे स्पष्ट झालं. तरीही कुणी हमी देत असेल तर तिथून उठावं.

मित्राकडे कर्जदार एकच, त्यामुळे बुडालं तर सगळंच. पण ॲपवरच्या अनोळखी माणसाबद्दल जे कळत नाही, ते इथे तपासता येतं. त्याचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला की विवरणपत्रं कधी भरली ते कुणालाही दिसतं. गेले काही महिने ती उशिरा किंवा भरलेलीच नसतील, तर माल विकला जात नाहीये किंवा पैसे अडकलेत. मग बँकेनं धंद्यासाठी दिलेल्या कॅश क्रेडिटच्या मर्यादेतली किती रक्कम उचलून झालीय ते विचारा. यंत्रं, कच्चा माल, येणी यांवर बहुधा बँकेचा बोजा असतो. धंदा बसला तर आधी बँक वसूल करणार, उरलं तर तुम्ही. बँकेची मर्यादा संपली म्हणूनच तो तुमच्याकडे आला असेल, तर शेकडा सव्वा रुपया त्या जोखमीला फार कमी आहे.

त्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल आणि तुम्ही भागधारक किंवा संचालक नसाल, तर कंपनीनं तुमच्याकडून कर्ज घेणं बेकायदेशीर ठेव ठरू शकतं. अशा वेळी मित्रानं स्वतःच्या नावावर घ्यावं. अन् हेही खरं, की अशी व्याजी कर्जं तुम्ही चार-पाच जणांना देऊ लागलात तर कर्नाटकात तो सावकारीचा धंदा समजला जाऊ शकतो, त्याला परवाना लागतो.

माझ्या मते निकाल व्याजदरावर नाही, परतफेडीच्या पद्धतीवर लागतो. आपल्याकडे रीत अशी, की दरमहा व्याज आणि मुद्दल शेवटी. शेकडा सव्वा रुपया महिना म्हणजे वर्षाला 15 टक्के, 3 लाखांवर महिना 3,750. आठ महिन्यांनी त्यानं हात वर केले तर तुमच्याकडे आले 30,000. तेच 24 समान हप्त्यांत, साधारण 14,550 प्रमाणे घेतलं असतं, तर आठ महिन्यांत 1,16,000 आले असते. शिवाय हप्ता चुकला की अडचण पहिल्याच महिन्यात कळते. केवळ व्याज देणारा मित्र ती वर्षभर झाकू शकतो. समान हप्ते तो नाकारत असेल, तर तेही एक उत्तरच आहे.

रक्कम बँकेतून द्या, वचनचिठ्ठी घ्या, हप्त्यांचे चेक घ्या. मागणीनंतर परत करायच्या वचनचिठ्ठीवरचा दावा तिच्या तारखेपासून तीन वर्षांत करावा लागतो. ती मुदत संपायच्या आत मित्राकडून बाकी कबूल असल्याचं सहीनिशी लिहून घेतलं, तर ती तिथून पुन्हा मोजली जाते. चेक न वटल्यास बँकेची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर मित्राला 15 दिवस, आणि पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. मित्राचा कारखाना शिनोळीत, म्हणजे हद्दीपलीकडे महाराष्ट्रात असला तरी, चेक तुम्ही बेळगावातल्या तुमच्या शाखेतल्या खात्यात भरला असेल तर ही तक्रार बेळगावातच चालते. वचनचिठ्ठीवरच्या दिवाणी दाव्याला मात्र मित्र कुठे राहतो आणि व्यवहार कुठे झाला हे बघितलं जातं, म्हणून चिठ्ठीवर सही कुठल्या गावी झाली तेही लिहून ठेवा.